खाऊच्या ताटलीचा फोटो कसा वाचायचा: दाणा, द्राक्ष आणि कच्ची फोड

दुपारी चारच्या सुमारास पाळणाघराच्या ग्रुपवर फोटो येतो. स्टीलच्या ताटलीत पोहे, बाजूला द्राक्षं, गाजराच्या चकत्या, एखादा लाडू. खाली दोन शब्द, ‘आजचा खाऊ’. पालक अंगठा टाकून मोकळे होतात, कारण फळ आहे, भाजी आहे आणि तेलकट पाकिटातलं काही नाही. मूल पाच वर्षांचं झालेलं असेल तर एवढं पाहणं पुरतं. ते दीड-दोन वर्षांचं असेल, तर त्याच फोटोत यातलं काय घशात अडकू शकतं हेही शोधावं लागतं. पदार्थांची नावं वाचून ते कळत नाही. गाजर धोक्याचंही असतं आणि बिनधोकही, शेंगदाण्याचंही तसंच. फरक पडतो तो आकाराने, कडकपणाने आणि पदार्थ कसा चिरला किंवा शिजवला आहे यावरून. यातलं काही फोटोत दिसतं, काही दिसत नाही.

आधी तोंडात काय चालतं ते

मुलांना पुढचे दात आधी येतात. त्यांनी तुकडा तोडता येतो, पण दळता येत नाही. दळायच्या दाढांपैकी पहिल्या साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान येतात आणि मागच्या दुसऱ्या दाढा दोन वर्षांच्या आसपास सुरू होऊन पावणेतीन वर्षांपर्यंत येत राहतात. म्हणजे दीड वर्षाचं मूल सफरचंदाची फोड कुरतडून मोठा तुकडा तोंडात घेऊ शकतं, पण त्याचा लगदा करू शकत नाही. तो तुकडा जिभेवरून तसाच मागे सरकतो. दाढा आल्यावरही नीट चावून, थांबून गिळण्याची सवय लागायला चार वर्षांपर्यंतचा काळ जातो.

दुसरी गोष्ट श्वासनळीची. या वयात ती साधारण मुलाच्या स्वतःच्या करंगळीएवढी जाड असते आणि खोकल्याचा जोरही मोठ्यांपेक्षा कमी असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या घशातून एका ठसक्यात बाहेर पडणारी वस्तू मुलाच्या घशात तशीच बसून राहू शकते.

द्राक्ष आणि दाणा यांचा धोका वेगवेगळा

बहुतेक याद्यांमध्ये द्राक्षं आणि शेंगदाणे शेजारी शेजारी लिहिलेले असतात. त्यामुळे दोघांवर उपायही एकच, ‘बारीक करून द्या’, असा समज होतो. इथेच घोळ होतो.

द्राक्ष गुळगुळीत, ओलं आणि दबणारं असतं. ते घशात मागे गेलं की आजूबाजूच्या आकारात दबून घट्ट बसतं, बाटलीला बूच बसावं तसं. कडेने हवा जायला फट राहत नाही. मूल खोकू शकत नाही, रडू शकत नाही, आणि हातात मोजकी मिनिटं उरतात. अख्खा चेरी टोमॅटो, जेलीचा लहान कप, सॉसेजची गोल चकती, पनीर किंवा चीजचा मोठा ठोकळा हे सगळे द्राक्षाच्या जातीचे. यांच्यावर सुरीचा उपाय चालतो, कारण गोलपणा मोडला की बूच बसत नाही.

दाणा कडक आणि लहान असतो. तो वरच्या तोंडाशी अडकण्याऐवजी बऱ्याचदा खाली सरकून श्वासनळीच्या एखाद्या फांदीत जाऊन बसतो. त्या वेळी मूल एकदा जोरात खोकतं, लालबुंद होतं आणि मग शांत होतं. घरच्यांना वाटतं, गेलं पोटात. पुढे खोकला जात नाही, छातीत एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज येतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. शेंगदाण्यातल्या तेलाने तिथलं अस्तर सुजतं आणि दाणा ओलावा शोषून फुगतो. साध्या एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. शेवटी भूल देऊन दुर्बिणीने तो काढावा लागतो. या दाण्याला सुरीचा उपयोग नाही: अर्धी पाकळी किंवा चतकोर तुकडाही तितकाच कडक असतो, उलट आत सरकायला आणखी सोपा. दाणा फक्त दळूनच बिनधोक होतो.

म्हणून फोटो पाहताना प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा: हा चिरल्याने सुटतो, वाफवल्याने सुटतो की दळल्याशिवाय सुटतच नाही? द्राक्ष चिरण्यातलं, गाजर वाफवण्यातलं, दाणा दळण्यातला. उरलेले काही पदार्थ, म्हणजे पॉपकॉर्न, कडक गोळ्या-चॉकलेटं, च्युइंगम आणि सुपारी, कशानेच सुटत नाहीत. ते ताटलीत दिसले की पुढे पाहायची गरजच नाही.

पहिली पायरी: फोटो कोणत्या कोनातून काढलाय ते पाहा

अगदी डोक्यावरून काढलेल्या फोटोत ताटली पूर्ण गोल दिसते. अशा फोटोत पदार्थांची लांबी-रुंदी कळते, पण जाडी अजिबात कळत नाही. गाजराची दोन मिलिमीटरची चकती आणि दीड सेंटिमीटरचा ठोकळा वरून सारखेच दिसतात. बाजूने, तिरका धरून काढलेल्या फोटोत ताटली लांबट दिसते. त्यात उंची आणि सावली दिसते, मात्र मागचे पदार्थ लहान भासतात आणि पुढच्या ढिगाआड दडतात.

सावली जाडी सांगून जाते. खिडकीतून एका बाजूने उजेड येत असेल, तर पातळ कापाला सावली जवळपास नसतेच आणि जाड फोडीला शेजारी ठळक काळी कड येते. वरून ट्यूबलाइट असेल तर हा अंदाज धरू नका.

दुसरी पायरी: माप काढा, पण नाणं ठेवून नव्हे

मापासाठी ताटलीशेजारी रुपयाचं नाणं ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती सोडून द्या. दोन वर्षांच्या मुलाच्या जेवणाशेजारी नाणं ठेवणं म्हणजे एक धोका शोधायला दुसरा आणून मांडणं.

माप ताटलीकडूनच घ्या. पाळणाघरात बहुधा एकाच मापाच्या ताटल्या असतात. एकदा मुलाला आणायला जाल तेव्हा काठापासून काठापर्यंत टेपने मोजून ठेवा. समजा ती 20 सेंटिमीटरची निघाली. आता फोटोत एकाला एक चिकटून ठेवली तर काठापासून काठापर्यंत किती द्राक्षं बसतील, याचा अंदाज करा. बारा बसत असतील तर एक द्राक्ष पावणेदोन सेंटिमीटरच्या जवळपास आहे. फोटो तिरका असेल तर ताटलीची लांबट दिसणारी बाजू धरा, कारण ती खऱ्या व्यासाच्या प्रमाणात राहते. आखूड दिसणारी बाजू कोनामुळे दबलेली असते. आणि ज्या पदार्थाचं माप घ्यायचंय तो ताटलीच्या मधोमध असावा. अगदी पुढच्या किंवा मागच्या काठाजवळचं माप चुकतं.

या मापाचा उपयोग मऊ पदार्थांपुरताच आहे. पिकलं केळं, पपई, उकडलेला बटाटा यांचे तुकडे साधारण सव्वा सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत. कडक पदार्थाला हे माप लावून ‘लहान आहे, चालेल’ म्हणायचं नाही. शेंगदाणा सेंटिमीटरभरच असतो.

तिसरी पायरी: चमक शोधा

अख्ख्या गोल फळाच्या सालीवर उजेडाचा एक लहानसा पांढरा ठिपका उमटतो. द्राक्षांच्या ढिगात प्रत्येकावर असा एकेक ठिपका दिसत असेल तर ती अख्खी आहेत. कापलेल्या भागावर असा ठिपका नसतो. तो ओला, थोडा पारदर्शक दिसतो आणि मधोमध फिकट रेघ असते.

एक फसवणूक मात्र नेहमी होते. अर्धं कापलेलं द्राक्ष पालथं पडलं की वरून हुबेहूब अख्खं दिसतं, ठिपक्यासकट. त्यामुळे ढिगातली दोन-तीन कापलेली दिसतात म्हणून बाकीचीही कापली असतील हे नक्की नसतं, आणि गोल दिसतात म्हणून ती अख्खीच असतील असंही नाही. अशा वेळी अंदाज न बांधता विचारावं.

कापलेलं दिसलं तरी कसं कापलंय ते पाहा. द्राक्षं देठापासून टोकापर्यंत उभी चिरून चार भाग करायची असतात. मग लांबट, निमुळत्या फाका मिळतात आणि त्यातली कोणतीही नळीत बूच होऊन बसत नाही. आडवं कापलं की दोन घुमट तयार होतात, ज्यांचा घेर अख्ख्या द्राक्षाएवढाच राहतो. सोनाकासारख्या लांबट जातीत हा फरक विशेष जाणवतो: मधून आडवी कापलेली सोनाका म्हणजे दोन छोटी गोल बुचंच. नाशिक-सांगलीची द्राक्षं बाजारात भरपूर असतात त्या जानेवारी ते एप्रिलच्या महिन्यांत ही एक गोष्ट रोज पाहावी लागते. बियांची जात असेल तर बिया काढलेल्या आहेत का, हेही त्याच फाकेत दिसतं.

चौथी पायरी: कच्चं की वाफवलेलं

गाजर, बीट, सफरचंद, नाशपाती यांचा सगळा निकाल शिजण्यावर आहे. फोटोत ते ओळखायच्या काही खुणा आहेत. कच्च्या गाजराच्या चकतीची कड सुरीने कापल्यासारखी धारदार असते, आणि ती थोडा वेळ तशीच राहिली तर पृष्ठभाग सुकून पांढुरका पडतो. वाफवलेल्या गाजराची कड गोलसर, किंचित चुरलेली दिसते, रंग गडद होतो आणि वर ओलसर चकाकी असते. ताटलीत त्याखाली पाण्याचा थेंब साचलेला दिसला तर बहुधा ते वाफवलेलंच. सफरचंदाच्या कच्च्या फोडीला कडेने तपकिरी छटा येते आणि गर अपारदर्शक पांढरा राहतो. शिजलेली फोड काचेसारखी अर्धपारदर्शक होते आणि तिचे कोपरे ढासळतात.

खुणा असल्या तरी हाताची परीक्षा शेवटी तिथल्या व्यक्तीनेच करायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यात फोड धरून हलका दाब दिला की ती सपाट चेपली पाहिजे. चेपायला जोर लागला किंवा ‘कट्’ आवाज आला, तर ती परत कुकरमध्ये. कुकरच्या शिट्ट्या मोजून भागत नाही, कारण जाड ठोकळा आणि पातळ काप एकाच शिट्टीत सारखे शिजत नाहीत. कच्चंच द्यायचं असेल तर किसून. साल काढलेलं सफरचंद किसणीवर किसलं की दात नसलेल्या भागातही ते सरकून जातं. काकडीचंही असंच: गोल चकती नको. साल आणि बिया काढून किस, किंवा लांबट पातळ काप.

पाचवी पायरी: जे वर दिसत नाही ते

आपल्याकडच्या खाऊत सगळ्यात जास्त निसटतो तो मिसळून गेलेला दाणा. द्राक्ष ताटलीत वेगळं पडलेलं असतं, शेंगदाणा मात्र पोह्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, चिवड्यात, भडंगात, लिंबूभातात असतो. तळलेला दाणा पोह्यांच्या हळदीत रंगून जातो आणि जड असल्याने तळाशी बसतो. वरून काढलेल्या फोटोत एकही दाणा दिसत नाही, तरी चमचा बुडवला की चार वर येतात.

फोटो मोठा करून ढिगाच्या कडा पाहा. पोहे ताटलीत वाढताना दाणे कडेला घरंगळतात. पोह्याचा पापुद्रा चपटा असतो, दाणा फुगीर आणि त्याला बाजूला सावली असते. मोहरी काळी आणि खूप लहान, तिच्याशी घोटाळा होत नाही. चिवड्यात शेंगदाण्याबरोबर डाळं आणि खोबऱ्याचे काप असतात. वाळक्या खोबऱ्याचा काप पातळ असला तरी चिवट असतो आणि मुलाकडून चावला जात नाही. शिऱ्यात काजूचे तुकडे आणि बेदाणे, खिरीत बदामाचे काप, उसळीत टणक राहिलेले हरभरे हीही तीच गोष्ट. सीताफळाच्या काळात वाटीतल्या पांढऱ्या गरात काळ्या बिया उरल्या आहेत का, ते नक्की पाहा. गुळगुळीत, कडक आणि नेमकी नको त्या मापाची ही बी मुलांच्या श्वासनळीतून काढावी लागल्याची उदाहरणं आपल्या भागात डॉक्टरांना नवी नाहीत. बोर, जांभूळ, खजूर, लिची यांच्या बाबतीत बी काढली का, एवढंच विचारायचं.

याचा अर्थ शेंगदाणा बंद करायचा असा नाही. ॲलर्जी नसलेल्या मुलाला तो द्यावाच, फक्त दळून. भाजून, सालं काढून केलेलं बारीक कूट खिचडीत किंवा पोह्यांवर चालतं. ते बोटांत चोळून पाहायचं, जाडसर कण लागले तर पुन्हा मिक्सरमधून काढायचं. पीनट बटर चमचाभर गोळा म्हणून दिलं तर ते टाळूला आणि घशाला चिकटतं. पोळीवर पातळ फासलेलं किंवा दह्यात कालवलेलं असेल तर हरकत नाही. अख्खा सुकामेवा किती वयापर्यंत नको, याबद्दल अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षं सांगते, तर ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पाच. आमच्या मते पाच धरावं, कारण वर्षभर कूट खाल्ल्याने मुलाचं काही बिघडत नाही.

एक फोटो, नजरेखालून

समजा बावीस महिन्यांच्या मुलीच्या पाळणाघरातून हा फोटो आलाय. वीस सेंटिमीटरची स्टीलची ताटली, फोटो जवळजवळ डोक्यावरून. मधे कांदेपोहे, डावीकडे सहा द्राक्षं, वर गाजराच्या पाच चकत्या, उजवीकडे चीजचा एक ठोकळा आणि खाली राजगिऱ्याचा लाडू.

द्राक्षांपासून सुरुवात करू. तीन तुकड्यांवर कापलेला भाग दिसतो आणि तीन गोल चमकत आहेत. कापलेला भाग पूर्ण गोल आहे. उभ्या कापाने तो लांबट अंडाकृती दिसला असता. म्हणजे कोणीतरी काळजीने चिरली, पण आडवी. उरलेली तीन पालथी अर्धुकं असण्याची शक्यता जास्त, तरी निकाल एकच: ती सहाच्या सहा परत चिरायची, उभी.

गाजर: कडा धारदार, मधला गाभा फिकट आणि कोरडा. कच्चं. चकत्यांचा व्यास द्राक्षापेक्षा थोडा जास्त, साधारण दोन सेंटिमीटर. जाडी वरून कळत नाही, पण इथे ती कळून उपयोगही नाही. पातळ असली तरी कच्च्या गाजराची गोल चकती नको. हे ताटलीतून बाहेर, किंवा किसून परत.

चीजचा ठोकळा साधारण अडीच सेंटिमीटरचा दिसतो. चीज मऊ म्हणून पालक निर्धास्त असतात, पण मूल तो अर्धा चावून उरलेला तोंडात कोंबतं आणि लाळेने तो रबरासारखा गोळा होतो. किसून किंवा पातळ पट्ट्या करून दिला की प्रश्न मिटतो.

राजगिऱ्याचा लाडू हलका दिसतो, पण त्याला गुळाच्या पाकाने बांधलेलं असतं. ताजा असला तर चुरतो, शिळा झाला की दगडासारखा. दोन्ही स्थितींत मूल कडेने मोठा तुकडा तोडतं. तो हाताने कुस्करून, कडक खडे काढून दुधात भिजवून द्यावा. फोटोत लाडू अख्खा आहे, म्हणजे तसा दिलेला नाही.

आता पोहे. वरून फक्त कोथिंबीर आणि खोबऱ्याचा ताजा किस दिसतो. तो किस बारीक आहे, ठीक. डाव्या काठाला ढिगाबाहेर दोन फुगीर सोनेरी ठिपके आहेत, ज्यांना छोटी सावली आहे. दाणे. काठाला दोन दिसले म्हणजे आत आणखी असणारच. ते निवडून काढणं व्यवहारात जमत नाही, कारण मुलांच्या घाईत एखादा राहतोच. यावर एकच उत्तर आहे: मुलांच्या वाटणीचे पोहे दाणे न घालता वेगळे करायचे. कढीपत्त्याची अख्खी पानंही त्याच वेळी बाजूला काढावीत, ती टाळूला चिकटून मूल कासावीस होतं.

म्हणजे पाचपैकी एकही पदार्थ वाईट नाही, आणि पाचांपैकी एकही आहे तसा देण्याजोगा नाही. अशा वेळी ग्रुपवर जाहीर यादी टाकण्यापेक्षा ताईंना थेट निरोप पाठवलेला बरा. तो असा असू शकतो:

‘ताई, खाऊ छान आहे. अजून दिला नसेल तर प्लीज थोडं थांबा. पोह्यात दाणे दिसतायत, तिला ते पोहे आज नकोत, तिच्या डब्यातली खिचडी द्या. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. गाजर किसून, नाहीतर राहू दे. चीज किसून. लाडू दुधात कुस्करून. आणि तिला बसवूनच द्या, खेळताना नको.’

निरोपात ‘काळजी घ्या’ असं लिहून काही होत नाही. सुरी कुठे फिरवायची ते लिहिलं की होतं. त्याआधी एक फोन मात्र करा, कारण निरोप वाचेपर्यंत ताटली रिकामी झालेली असते.

फोटो जे सांगू शकत नाही

फोटो पाहून एखादी ताटली नापास करता येते. पास करता येत नाही. कडकपणा, ढिगाच्या आत दडलेले दाणे आणि कापाची जाडी या तीन गोष्टी विचारल्याशिवाय कळत नाहीत. चौथी गोष्ट तर ताटलीत नसतेच: मूल कसं खातंय. नीट चिरलेलं द्राक्षही पळता पळता, झोपाळ्यावर, गाडीत मागच्या सीटवर किंवा खदखदून हसताना घशात जाऊ शकतं. म्हणून नियमित फोटो येत असतील तर एक सुचवावं: अधूनमधून ताटलीसह मुलाचाही फोटो पाठवा. पाठ टेकलेली, पाय टेकलेले आणि समोर मोठं माणूस बसलेलं दिसलं, तर अर्धी तपासणी तिथेच होते.

घरच्या फोटोलाही हेच लागू. आजोबांच्या हातातले फुटाणे आणि दादाच्या वाटीतला चिवडा फोटोत येत नाही, पण मुलाच्या हाताला येतो.

खाऊन झाल्यावर फोटो पाहिला तर

आधी विचारा: खाताना ठसका लागला होता का, अचानक खोकून लाल झाली होती का? हो म्हणाले आणि नंतर खोकला राहिला, श्वासाला शिट्टी येतेय, आवाज बसलाय किंवा श्वास जोरात चाललाय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मधला तासभर मूल खेळलं म्हणून गाफील राहू नका, दाणा खाली सरकून बसला की तसा शांत काळ येतोच. एक्स-रे स्वच्छ आला तरी ‘खाताना ठसका लागला होता, ताटलीत दाणे होते’ हे डॉक्टरांना शब्दांत सांगा. तपासण्यांचा पुढचा निर्णय बऱ्याच अंशी त्या वाक्यावर होतो.

प्रत्यक्ष अडकलंच, तर मूल जोरात खोकतंय किंवा रडतंय तोवर हवा जातेय. खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला, खोकला निघेना, ओठ निळे पडू लागले, तर वेळ घालवायचा नाही. एकाने 108 ला फोन लावायचा. दुसऱ्याने वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यायचे. बाहेर आलं नाही तर मागून हात घालून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ धरून आत-वर असे पाच झटके. पुन्हा पाच ठोके, पुन्हा पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीत पाच ठोके आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच दाब. मूल निपचित पडलं तर जमिनीवर ठेवून छातीवर दाब सुरू करायचे. तोंडात बोट फिरवून शोधायचं नाही. वस्तू स्पष्ट दिसत असेल तरच काढायची, नाहीतर ती आणखी आत जाते.

पोटावर झटके देऊन वस्तू निघाली तरी मुलाला दवाखान्यात दाखवायचं, कारण त्या झटक्यांनी आत इजा झालेली असू शकते. जाताना ताटली धुऊ नका आणि चारचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या. द्राक्ष होतं, दाणा होता की सीताफळाची बी होती, हे दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना त्याच फोटोवरून आधी कळतं.